अनुभव नसेल, तर नमुना दाखवा



गेल्या महिन्यात वळसंगहून एका मुलीचे पत्र आले. ती बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. रोज एस.टी.ने सोलापूरला कॉलेजला जाते. तिने लिहिले होते, "फ्रीलान्सिंगच्या साइटवर प्रोफाइल काढायला बसले. 'अनुभव' या रकान्यात काय भरू? मैत्रीण म्हणते, तीन वर्षे लिही, कोण बघायला येतंय! दुसरीकडून फॉर्म भरण्याचे काम मिळतेय, पण आधी अडीच हजार रुपये भरायचे आहेत. अम्मी भिशीतून द्यायला तयार आहे."

बेटी, आधी अडीच हजारांचे उत्तर. ते भरू नकोस. काम देणारा पैसे देतो, मागत नाही. या "फॉर्म भरा, कॉपी-पेस्ट करा" प्रकारात पुढे काय होते ते ठरलेले असते. आधी करारावर सही घेतात, मग शेकडो फॉर्म देतात. काम पूर्ण करून दिले की "चुका जास्त निघाल्या" म्हणून एक रुपया देत नाहीत. वर करार मोडल्याची नोटीस पाठवून आणखी पैसे उकळतात. असा फोन किंवा नोटीस आली तर घाबरून पैसे पाठवू नयेत. घरच्यांना सांगून 1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करावी.

आता प्रोफाइल. तीन वर्षांचा खोटा अनुभव लिहिलास तर गिऱ्हाईक पहिल्याच निरोपात विचारेल, "आधीचे काम दाखवा." तिथेच गाडी अडेल. खरे तर त्याला तुझी वर्षे मोजायची नसतात. आपले काम हिच्याकडून नीट होईल का, एवढेच त्याला बघायचे असते. त्याचे उत्तर नमुन्यात असते. म्हणून अनुभवाचा रकाना रिकामा ठेव आणि नमुन्यांचा, म्हणजे पोर्टफोलिओचा, रकाना भर.

नमुना कशाचा? पत्रात तू सहज लिहिलेस की मामूंचे सोलापुरात टॉवेल-चादरींचे दुकान आहे, आणि तुला मराठी, हिंदी व कामापुरते इंग्रजी लिहिता येते. मग "डेटा एंट्री, टायपिंग, सर्व कामे करते" असे लिहू नकोस. तसे लिहिणारे हजारो आहेत. ऑनलाइन माल विकणाऱ्यांना प्रत्येक वस्तूचे नाव, माप, वजन, रंग आणि चार ओळींचे वर्णन लागते. त्याला लिस्टिंग म्हणतात. टॉवेल-चादरींचे लिस्टिंग हे एकच काम धर.

मामूंकडून पाच वस्तू आण. समज, एक टेरी टॉवेल आहे, 70 बाय 140 सेंटिमीटरचा. मीटरमध्ये 0.70 गुणिले 1.40, म्हणजे 0.98 चौरस मीटर. कोरडा टॉवेल स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवला, वजन भरले 441 ग्रॅम. 441 भागिले 0.98, उत्तर 450. यालाच जीएसएम म्हणतात, एका चौरस मीटरला किती ग्रॅम. टॉवेल जाड की पातळ, हे ऑनलाइन गिऱ्हाईक याच आकड्यावरून ठरवते.

आता समज, पुठ्ठ्यावर 500 छापले आहे. दोन-चार टक्क्यांचा फरक कापडात असतोच, पण इथे तो दहा टक्के आहे. अशा वेळी 500 उतरवून मोकळे होऊ नये आणि स्वतःच्या मनाने 450 ही लिहू नये. "छापील 500, मोजलेले 450, कोणता टाकू?" अशी टीप शेवटच्या रकान्यात लिहावी. टॉवेल पातळ निघाला म्हणून माल परत आला की विक्रेत्याला दोन्हीकडचे भाडे पडते. तो धोका तू आधीच दाखवलास, हे विक्रेता लगेच ओळखेल. तसेच, सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल यांना भौगोलिक निर्देशांक आहे. माल दुसरीकडचा असेल तर नावात "सोलापुरी" घालायचे नाही.

पाच वस्तूंची एक्सेल शीट तयार झाली की तिच्यावर ठळक लिही: "नमुना काम. मामांच्या दुकानातील माल, विनामोबदला." हे लपवायचे कारण नाही. दुकानाचे नाव टाकायचे तर मामूंना विचारून टाक.

फायवरसारख्या साइटवर कामाचे शीर्षक "I will" ने सुरू होते आणि 80 अक्षरांत बसवावे लागते. तुझे असे होईल: "I will write towel and bedsheet product listings in Marathi, Hindi and English". खालच्या वर्णनात पहिल्या दोन ओळी गिऱ्हाईकाच्या गरजेच्या हव्यात: फोटो आणि माप पाठवा, दहा वस्तूंची तपासलेली शीट तीन दिवसांत मिळेल. मग सोबतचा नमुना बघा, एवढे सांग. शेवटी एक ओळ: मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी आहे, सोलापूर या कापडाच्या गावाजवळ राहते. "गरजू आहे, एक संधी द्या" हे कुठेही लिहू नये.

नाव ओळखपत्रावर आणि बँकेत आहे तेच टाक. फोटोत चेहरा स्पष्ट हवा, हिजाबने काही अडत नाही. मोबाइल नंबर आणि घरचा पत्ता प्रोफाइलवर टाकू नकोस. "व्हॉट्सअ‍ॅपवर बोलू, पैसे बाहेरून देतो" म्हणणाऱ्याला नम्रपणे नाही म्हण. साइटच्या बाहेर गेलेल्या पैशांची जबाबदारी साइट घेत नाही.

दर ठरवताना घड्याळ लाव. एका वस्तूला 20 मिनिटे लागली तर दहा वस्तूंना 200 मिनिटे, वर तपासणीला 40, म्हणजे चार तास. दहा वस्तूंचे 15 डॉलर ठेवलेस तर फायवर 20 टक्के कापून घेते, तुझ्या खात्यात 12 राहतात, म्हणजे तासाला तीन डॉलर. रुपयांत आणताना आणखी थोडे कमी होतात. काम पूर्ण झाल्यावरही नव्या विक्रेत्याचे पैसे साधारण 14 दिवसांनी मोकळे होतात. त्या पैशांवर परीक्षेची फी भरायचे ठरवू नकोस.

आणि खरे सांगायचे तर साइटवरचे पहिले काम यायला महिने लागू शकतात, कधी येतही नाही. म्हणून तीच शीट घेऊन अब्बूंसोबत मामूंच्या ओळखीच्या दोन-तीन व्यापाऱ्यांकडे जा. भाव आधी ठरव आणि व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घे: किती वस्तू, किती रुपये, कोणत्या तारखेला, दुरुस्ती किती वेळा. दुरुस्ती एकदाच फुकट. निम्मे पैसे आधी, निम्मे शीट दिल्यावर. काम पटले तर त्यांच्याकडून दोन ओळींचा अभिप्राय माग आणि त्यांच्या परवानगीने तो प्रोफाइलवर लाव. त्या दिवशी शीटवरची "विनामोबदला" ही ओळ खोडता येईल.

अम्मीला माझा सलाम सांग. भिशीचे पैसे भिशीतच राहू देत. फार तर त्यातून एक चांगला डिजिटल काटा घ्या.