दहा मिनिटांचा वर्ग

उन्हाळ्याची सुट्टी सरत आली की कोल्हापुरातील शाळांच्या रिकाम्या इमारतींत निराळीच वर्दळ सुरू होते. व्हरांड्यात फाइली छातीशी धरून उमेदवार बसलेले असतात आणि आतल्या वर्गात, एरवी जिथे मुले दाटीवाटीने बसतात त्या बाकांवर, मुख्याध्यापक, संस्थेचे एखाद-दुसरे पदाधिकारी आणि विषयाचे जाणकार अवघडून बसलेले असतात. कागदपत्रे पाहून झाली की त्यांच्यापैकी कोणीतरी म्हणते, "आम्ही सहावीचा वर्ग आहोत असे समजा. दहा मिनिटे आहेत. सुरू करा."

खासगी अनुदानित शाळांची भरती आता पवित्र पोर्टलवरून होते. तिच्यासाठीची अभियोग्यता चाचणी २०० गुणांची असते. मुलाखतीसह निवडीचा पर्याय घेणाऱ्या संस्थांत मुलाखत आणि अध्यापन कौशल्य यांसाठी ३० गुण असतात. विनाअनुदानित आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळा आपापल्या पद्धतीने नमुना पाठ घेतात. मार्ग कोणताही असो, त्या दहा मिनिटांत जे घडते ते बहुधा सारखेच असते. पुष्कळ उमेदवारांचे विषयज्ञान चोख असते, पण मुलांना द्यायच्या सूचनेपाशी त्यांचा पाठ कोसळतो.

एक उमेदवार डोळ्यांसमोर आणावी. लक्ष्मीपुरीतील व्यापारी घरातली मुलगी, गणित घेऊन पदवी, पुढे बी.एड. तिने सहावीचा 'नफा-तोटा' हा घटक निवडला आहे. निवड उत्तम आहे, कारण हा विषय तिने पुस्तकात शिकण्याआधी गल्ल्यापाशी ऐकलेला आहे. तिचा पहिला प्रयत्न मात्र असा होतो. ती फळ्याकडे वळते, शेकडा नफ्याचे सूत्र लिहिते, वळून परीक्षकांकडे पाहून "सर, यात मी आता मुलांना उदाहरण देईन" असे म्हणते आणि मग एका दमात सांगते, "चला, आता सगळ्यांनी वहीत हे गणित सोडवा, आधी नफा काढा, मग शेकडा नफा, झालं की हात वर करा, बोलू नका, जोडीत केलं तरी चालेल, आणि हो, पायऱ्या लिहा, समजलं ना?"

पहिली चूक 'सर' या संबोधनाची. समोरच्यांना सहावीचा वर्ग मानायचे ठरल्यावर त्यांना 'मुलांनो' म्हणायला संकोच वाटतो, वयाने आणि मानाने मोठी माणसे असतात म्हणून. पण परीक्षकांना या वेळी मान नको असतो. वर्ग चालताना पाहायचा असतो. "मी आता असे करीन" हे पाठाचे वर्णन झाले, पाठ नव्हे. आदर दाखवायला आरंभीचा नमस्कार आणि शेवटचे आभार पुरेत. मधली दहा मिनिटे वर्गाची.

दुसरी चूक त्या लांबलचक सूचनेत आहे. तिच्यात सहा-सात गोष्टी एकत्र आल्या आहेत आणि त्यांपैकी दोन एकमेकींना छेद देतात: बोलू नका, आणि जोडीत केले तरी चालेल. अकरा वर्षांचे मूल पहिली आणि शेवटची गोष्ट धरून ठेवते. मधले वाहून जाते. मग वर्गात चाळीस ठिकाणांहून "बाई, काय करायचं?" असा प्रश्न येतो आणि बाईंना वाटते, मुले ऐकत नाहीत. नमुना पाठात हा गोंधळ ऐकू येत नाही, कारण परीक्षक शांत बसतात. पण अनुभवी मुख्याध्यापकांच्या कानांना तो ऐकू येतो.

तीच सूचना नीट दिली तर कशी होईल? आधी लक्ष हवे. उमेदवार हातातला खडू खाली ठेवते, वर्गाच्या मधोमध उभी राहते आणि सर्वांची नजर येईपर्यंत थांबते. मग सांगते, "शेजारच्या मित्राबरोबर जोडी करा." जोड्या होईपर्यंत पुन्हा थांबते. "प्रत्येक जोडीत एकच वही उघडा." पुन्हा क्षणभर विराम. "फळ्यावरचे गणित वाचा आणि फक्त एवढेच शोधा: दुकानदाराला एका किलोमागे किती रुपये मिळाले? वेळ एक मिनिट. उत्तर मिळाले की पेन खाली ठेवा." प्रत्येक वाक्यात एकच क्रिया आहे, किती, कोणी, किती वेळात आणि झाल्यावर काय, हे सारे त्यात आले आहे. कागद किंवा साहित्य वाटायचे असेल तर ते सूचनेनंतर. आधी वाटले तर मुलांचे डोळे हातातल्या कागदावर आणि कान कोठेच नाहीत, अशी स्थिती होते.

यानंतर 'समजलं ना?' हा प्रश्न टाळावा. त्याला साऱ्या वर्गाचे एकच उत्तर असते, 'हो', आणि त्या होकारातून काहीच कळत नाही. त्याऐवजी, "आता काय करायचे आहे, ते मागच्या बाकावरून कोण सांगेल?" असे विचारले की सूचना पोहोचली की नाही ते लगेच उघड होते. मागच्या बाकावर बसलेल्या परीक्षकाला हा प्रश्न आला की तेही सावरून बसतात, आणि खरे तर तिथूनच खोटा वर्ग खरा वाटू लागतो.

फळ्यावरचे गणित साधे आहे. दुकानदाराने गूळ ४० रुपये किलोने घेतला आणि ५० रुपये किलोने विकला. नफा १० रुपये. आता शेकडा नफा किती? इथे उमेदवाराने थांबायचे असते आणि थांबणे हीच फार कठीण गोष्ट आहे. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने शाळांतील तासांच्या ध्वनिमुद्रणांवरून दाखवून दिले की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदभरच वाट पाहतात. तीच वाट तीन सेकंदांपर्यंत वाढवली की मुलांची उत्तरे लांब आणि विचारपूर्वक होतात, आणि गप्प बसणारी मुलेही बोलू लागतात. मुलाखतीत तीन सेकंद तीन मिनिटांसारखे वाटतात. मनातल्या मनात सावकाश तीन आकडे मोजणे हा त्यावरचा साधा उपाय.

अशा वेळी एखादे परीक्षक मुद्दाम चुकीचे उत्तर देतात. "बाई, वीस टक्के." हीच खरी परीक्षा. घाबरलेली उमेदवार "नाही, चूक, पंचवीस" म्हणून पुढे जाते. जाणती उमेदवार हे वीस कोठून आले ते ओळखते: मुलाने १० ला ५० ने भागले आहे, म्हणजे नफा विक्रीच्या किमतीवर काढला आहे. ती विचारते, "दुकानदाराने खिशातून किती रुपये घातले होते?" चाळीस. "चाळिसांवर दहा सुटले, तर शंभरावर किती सुटतील?" हे विचारल्यावर पंचवीस हे उत्तर मूल स्वतः काढते, आणि मगच सूत्र फळ्यावर येते. सूत्र आधी दिले असते तर मुलांनी आकडे घातले असते, पण भागायचे कशाने हा प्रश्न त्यांच्या मनात उठलाच नसता.

व्यापारी घरातल्या उमेदवाराला येथे एक गोष्ट अधिक कळते. पुष्कळ दुकानांत मार्जिन विक्रीच्या किमतीवरच मोजतात. पन्नासाच्या मालात दहा सुटले की ते वीस टक्के. तेव्हा वीस सांगणारे मूल कदाचित वडिलांचेच बोलणे सांगत असेल. त्याला मूर्ख ठरवण्याचे कारण नाही. "दुकानात असेही मोजतात, आपल्या पुस्तकात मात्र नफा खरेदीवर मोजायचा," एवढे एक वाक्य पुरेसे आहे. त्या वाक्यातून परीक्षकांना कळते की हिला चुकीच्या उत्तरामागचा विचार दिसतो.

कधी समोरचे कोणीच उत्तर देत नाही. परीक्षक निर्विकार बसून राहतात. अशा वेळी रिकाम्या बाकाकडे पाहून "हं, बरोबर, शाब्बास" म्हणणाऱ्या उमेदवारांची संख्या लहान नाही, आणि ते दृश्य काहीसे करुण असते. काल्पनिक मुले नेहमी बरोबरच उत्तर देतात, हा त्यातला दोष. त्यापेक्षा प्रश्न विचारावा, थांबावे आणि म्हणावे, "एका गटाने वीस लिहिले आहे, दुसऱ्याने पंचवीस. दोघांनी काय केले असेल?" निदान चूक तरी वर्गात आली.

खोट्या वर्गापुढे शिकवणे बी.एड. झालेल्याला नवे नसते. सूक्ष्म अध्यापन म्हणून ते सर्वांनी केलेले असते. ही पद्धत १९६३ च्या सुमारास अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात आकाराला आली आणि पुढे आपल्याकडे रुळली. आपल्या महाविद्यालयांत तिचे एक आवर्तन छत्तीस मिनिटांचे शिकवतात: ६ मिनिटे पाठ, ६ मिनिटे अभिप्राय, १२ मिनिटे पुन्हा आखणी, ६ मिनिटे तोच पाठ पुन्हा आणि शेवटी ६ मिनिटे अभिप्राय. विद्यार्थी म्हणून वर्गमित्रच बसतात. गुण मिळवण्यापुरते ते करून वही बंद केली जाते, ही खेदाची गोष्ट. कारण मुलाखतीच्या तयारीला याहून चांगली रीत मिळणे कठीण. घरची तीन-चार माणसे समोर बसवावीत आणि त्यांतल्या एकाला चुकीचे उत्तर द्यायला, दुसऱ्याला गप्प बसायला सांगावे. पाठ मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ऐकला की 'समजलं ना' किती वेळा आले आणि प्रश्नानंतर किती वाट पाहिली, ते मोजता येते. बारा मिनिटांची आखणी मात्र वगळू नये. सुधारणा तिथेच होते.

दहा मिनिटांत काय दिसत नाही, हेही परीक्षकांना ठाऊक असते. साठ मुलांचा पावसाळी दुपारचा वर्ग, वह्या तपासण्याचा उरक, वर्षभराचा संयम हे या पाठातून कळत नाही. म्हणून काही शाळा खऱ्या मुलांसमोर पाठ घ्यायला लावतात. तिथे चुकीचे उत्तर कोणी मुद्दाम देत नाही, ते आपोआप येते. आणि सूचना अस्पष्ट असेल तर अर्ध्या मिनिटात सारा वर्ग ते सांगून टाकतो.

आपली उमेदवार दुसऱ्या मुलाखतीला गेली तेव्हा तिने पाठात एकच उदाहरण कमी केले आणि शेवटची दोन मिनिटे एका प्रश्नासाठी राखली. खरेदी ५० रुपये, विक्री ६० रुपये. शेकडा नफा लिहा, वेळ एक मिनिट, झाल्यावर पेन खाली. या वेळी उत्तर खरोखरच वीस होते. विक्रीवर मोजणाऱ्याला ते येणार नाही, त्याचे सतराच्या जवळपास येईल; म्हणजे कोणाला कळले आणि कोणाला नाही, हे फळ्याकडे न वळताच समजते. पहिल्या बाकावरच्या मुख्याध्यापकांनी पेन खाली ठेवले. तिने विचारले, "वीस कशावर काढलेत?" ते म्हणाले, "खरेदीवर, बाई." तेवढ्यात वेळ संपल्याची घंटा झाली.