दाराला रंग दोनदा?

लग्नाआधी बेडरूम रंगवून घ्यायची, असं आम्ही दोघांनी ठरवलं. कोटेशन आलं : ५१६ स्क्वेअर फूट, २० रुपये फूट, विथ मटेरियल. म्हणजे १०,३२० रुपये. खाली आणखी एक ओळ होती : दारांचं ऑइल पेंट वेगळं.

हिनं ती ओळ वाचली आणि विचारलं, ‘दारांचं वेगळं घेणार, तर ती भिंतीत कशाला मोजली?’ खरं सांगतो, माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं.

रविवारी टेप काढली. रूम १२ बाय १०, उंची ९. चारही भिंतींची लांबी मिळून ४४ फूट. त्याला ९ ने गुणलं की ३९६. त्यात सीलिंगचे १२० मिळवा, झाले ५१६. म्हणजे पेंटरनं भिंतीला भोकच नाही, असं धरलं होतं!

मग वजाबाकी. मेन दार ७ बाय ३, म्हणजे २१. बाथरूमचं दार ७ बाय अडीच, म्हणजे साडेसतरा. खिडकी ५ बाय ४, म्हणजे २०. एकूण साडेअठ्ठावन्न. (दार मोजताना टेप चौकटीच्या बाहेरच्या कडेपासून लावायची. चौकटीलाही ऑइल पेंटच लागतो ना.) भिंती उरल्या साडेतीनशेला साडेबारा कमी. मी जाम खूश.

पेंटरदादांना कागद दाखवला. त्यांनी तो शांतपणे वाचला आणि मला खिडकीपाशी नेलं. ‘साहेब, ह्याला कोण रंग लावणार?’ खिडकी भिंतीत आत बसलेली असते, त्यामुळे तिच्या बाजूंना आणि वर भिंतीची जाडी उघडी राहते. तिथे पुट्टी मारायची, कोपरा सरळ काढायचा, दोन हात द्यायचे. सपाट भिंतीपेक्षा हेच काम किचकट. मुद्दा बरोबर होता. खाली ग्रॅनाइट होतं, म्हणून तीनच बाजू मोजल्या : ४, ४ आणि ५, मिळून १३ फूट. खोली ६ इंच. साडेसहा स्क्वेअर फूट परत मिळवले.

एसीच्या पाइपचं भोकही मी वजा करायला निघालो होतो. ते दादांनी हसून खोडलं. सरकारी कामांत वापरतात त्या आयएस १२०० मोजणीतही अर्ध्या चौरस मीटरपर्यंतची, म्हणजे साधारण सव्वापाच स्क्वेअर फुटांपर्यंतची भोकं वजा करत नाहीत. तेवढ्यासाठी कडा सांभाळायची मेहनतच जास्त.

फायनल हिशेब : भिंती ३४४, सीलिंग १२०, एकूण ४६४. बिल ९,२८० रुपये. दारांचं ऑइल पेंट वेगळं, पण आता एकदाच.

१,०४० रुपये वाचले. हॉलचं कोटेशन हीच तपासणार, असं तिनं परस्पर जाहीर केलंय.