फोटोतला सातबारा अन् ‘सगळं ठीक हाय ना?’

मागच्या बाजाराच्या दिवशी धारणी तालुक्यातला एक भाऊ आमच्याकडे आला. मोबाईल पुढे केला अन् म्हणाला, “दादा, सातबारा पाहा बरं. सगळं ठीक हाय ना?” असे फोटो आता रोजच येतात. आम्ही पाहिलं. गट नंबर बरोबर, बापाचं नाव बरोबर, क्षेत्र १.६२ हेक्टर. चाळीस आर म्हणजे साधारण एक एकर, त्या हिशोबानं चार एकर झाले. घरचे लोक चार एकरच सांगतात. आम्ही ‘ठीक हाय’ म्हणणारच होतो.

मग लक्षात आलं की फोटोत कागदाची उजवी बाजूच नाही. नाव अन् क्षेत्र आलं की लोकांचा जीव भांड्यात पडतो, म्हणून तेवढाच फोटो काढतात. पण सातबाऱ्यात खरी गंमत उजव्या बाजूला असते. तिथं ‘इतर अधिकार’ असतात. बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा तिथं, अन् त्याच्या खाली एक ओळ असते, ‘प्रलंबित फेरफार’. पुढं ‘नाही’ लिहिलं असेल तर त्या दिवशी त्या गटावर कोणता बदल चालू नव्हता. नंबर लिहिला असेल तर कोणीतरी काहीतरी बदलायला टाकलं आहे, अन् अजून मंजूर झालं नाही.

दुसरी गोष्ट तारीख. भावाचा फोटो तीन महिन्यांपूर्वीचा होता. फोटो त्या दिवसापुरता खरा, आजचं तो सांगत नाही. इंटरनेटवर फुकट दिसणारा सातबारा निव्वळ पाहण्यासाठी असतो. पंधरा रुपये भरून डिजिटल सहीचा निघतो, तो कामाला चालतो. आम्ही तोच नवा काढला.

त्यावर प्रलंबित फेरफाराचा नंबर होता! ‘आपली चावडी’वर नोटीस पाहिली तर वारस नोंद निघाली. भावाचा बाप वारून सहा वर्षं झाली. सातबाऱ्यावर मात्र त्याचं नाव तसंच होतं, वरून आडवी रेघ नव्हती. नव्या सातबाऱ्यात जे नाव कमी झालं त्यावर रेघ मारलेली असते. रेघ नाही म्हणजे सरकारच्या कागदात तो माणूस अजून जिवंत खातेदार. अन् नोटिशीत वारस म्हणून धाकट्या भावाचं एकट्याचं नाव. आमच्या भावाचं नाही, मायचं नाही, बहिणीचंही नाही.

धाकट्यानं लबाडी केली असं आम्ही म्हणत नाही. त्याला विचारलं तर म्हणाला, अर्ज लिहिणाऱ्यानं विचारलं ‘घरी कोण राहते?’ अन् मी माझं नाव सांगितलं. मोठा तेव्हा अकोट तालुक्यात कामावर होता. नोटीस चावडीवर लागली तेव्हाही तो तिकडंच. आपली कितीक माणसं दिवाळीनंतर गावात नसतात, तेव्हाच असे कागद सरकतात.

नोटिशीपासून हरकतीला पंधरा दिवस असतात. आमच्या हातात चार उरले होते. भावानं साध्या कागदावर लिहिलं: फेरफार क्रमांक, गट नंबर, ‘मी, माय अन् बहीण हेही वारस आहोत, आमची नावं घ्यावी’. सोबत बापाचा मृत्यूचा दाखला अन् रेशनकार्डाची नक्कल. तलाठ्याकडे दिलं, अन् दुसऱ्या प्रतीवर सही, तारीख, शिक्का घेतला. ती पोच नसली तर हरकत दिली हे कोण मानणार? लेखी हरकत आली की फेरफार सरळ मंजूर होत नाही. तो वादग्रस्त प्रकरणांच्या वहीत जातो अन् सुनावणी होते. मंजूर होऊन गेला असता, तर उपविभागीय अधिकाऱ्याकडे साठ दिवसांत अपील करावं लागलं असतं. तेही होते, पण खर्च अन् चकरा किती ते तुम्हाला ठाऊक आहे.

त्याच कागदावर ‘इतर अधिकार’मध्ये कलम ३६ अन् ३६अ चा उल्लेख होता. माय घाबरली, “हे कर्ज हाय का?” माय, कर्ज नाही. आदिवासीची जमीन गैरआदिवासीला कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकता, गहाण टाकता, भाड्यानं देता येत नाही, ही त्याची खूण आहे. ती पुसून घ्यायला कोणी सांगितलं तर आधी आम्हाला सांगा.

वनपट्टा मात्र वेगळा, तो या कागदात शोधू नका. पट्ट्याची प्रत घेऊन या.

यापुढं फोटो पाठवाल तर पूर्ण कागदाचा पाठवा, उजवी बाजू अन् खालची तारीख दिसेल असा. नाही दिसलं तर आम्ही ‘ठीक हाय’ म्हणणार नाही, तुम्ही रागावले तरी. भावाच्या सुनावणीची तारीख लागली आहे. धाकटाही सोबत येतो म्हणाला.