कुंडीतली माती आणि खारीचा हक्क

मागच्या पावसाळ्याच्या सुरुवातीला आमच्या गॅलरीत सहा कुंड्यांमध्ये मी मिरची आणि वांगी लावली होती. लाखनीच्या आसपास त्या दिवसांत सगळीकडे धानाच्या पऱ्ह्यांची गडबड असते. आमच्याकडे शेत नाही, म्हणून माझी शेती बारा इंची कुंड्यांतली. मिरचीचे बी आठ-दहा दिवसांनी वर आले, दोन-दोन पाने दिसू लागली, आणि एका सकाळी सहापैकी चार कुंड्या उकरलेल्या सापडल्या. रोपे खाल्लेली नव्हती. मुळांसकट बाहेर फेकलेली होती आणि उन्हाने सुकून गेली होती.

घरात लगेच दोन तट पडले. अम्मीचे म्हणणे असे की, मुसलमानाने लावलेल्या झाडातून माणसाने, जनावराने किंवा पाखराने काही खाल्ले तर तो त्याच्यासाठी सदका ठरतो, अशी हदीस आहे. मग तक्रार कसली? शेजारच्या काकू म्हणाल्या, "उंदराचे औषध ठेवा, दोन दिवसांत सगळे बंद होईल." मला दोन्ही सल्ले पटले नाहीत. का पटले नाहीत, आणि शेवटी मी काय केले, ते सांगण्यासाठी हा लेख.

अम्मीने सांगितलेली हदीस मलाही प्रिय आहे. पण तिच्यात खाण्याबद्दल सांगितले आहे. माझी रोपे कोणाच्याच पोटात गेली नव्हती. खारीला रोप नको होते, तिला मऊ माती हवी होती. रोप मधे आले म्हणून उपटले गेले. यात कोणाचा घास नाही, मग सदकाही नाही. नुसते नुकसान आहे. आणि ज्या प्राण्याला आपले रोप नकोच आहे, त्याला मारून मिळवायचे तरी काय? मातीपर्यंतची त्याची वाट बंद केली की काम झाले.

त्याआधी माती कोण उकरते ते नक्की करावे लागते, कारण उपाय त्यावर ठरतो. मी संध्याकाळी सगळ्या कुंड्यांतली माती हाताने सपाट केली. फजरनंतर उजाडल्यावर पाहिले, तर माती जशीच्या तशी. नऊ वाजता पाहिले तेव्हा खड्डे पडलेले होते. म्हणजे उंदीर नव्हता, मांजरही बहुधा नव्हते, कारण त्यांची कामे रात्रीची असतात. खार दिवसा फिरते, विशेषतः सकाळी आणि दुपार कलल्यावर. तिचा खड्डा लहान असतो, दोन-तीन बोटे खोल, आणि माती एकाच बाजूला उडालेली असते. कबुतर असे खणत नाही. ते कुंडीत उतरून बसते, त्यामुळे वाटीसारखा पसरट खळगा पडतो, रोपे दबून आडवी होतात, आणि जवळ विष्ठा, एखादे पीस किंवा चार काटक्या दिसतात. उंदीर असेल तर खोल बीळ, काळ्या लेंड्या आणि बुडापासून कुरतडलेले देठ सापडतात.

माझ्या कुंड्यांत खड्डे खारीचेच होते. ती नेमक्या याच कुंड्यांत का येत होती, हेही थोडे लक्ष दिल्यावर कळले. ज्या चार कुंड्या उकरल्या गेल्या, त्यांत मी शेंगदाण्याची पेंड मिसळली होती. उरलेल्या दोन कुंड्यांत नुसते शेणखत होते. पेंडीचा वास येतो तिथे खार दाणा शोधते, आणि नुकतीच भुसभुशीत केलेली माती तिला उकरायलाही सोपी जाते. तेव्हापासून मी रोपे हातभर होईपर्यंत पेंड घालतच नाही. नंतर घालायची झाली तरी पाण्यात भिजवून, गाळून, ते पाणी तेवढे देतो आणि चोथा कुंडीत टाकत नाही. याने खारीचे येणे कमी झाले, पण थांबले नाही.

मग माझ्याकडून एक चूक झाली. कोणीतरी सांगितले म्हणून मी मातीवर लाल तिखट भुरभुरले. आमच्या भागात तिखटाला तोटा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी खार आली, तिने माती उकरली, आणि मग तेच पंजे ती पुन्हा पुन्हा डोळ्यांवरून फिरवू लागली. ती कठड्याच्या कोपऱ्यात बसून बराच वेळ तोंड पुसत होती. मी आतून पाहत होतो. ते पाहून मला स्वतःची शरम वाटली. बरे, उपाय म्हणूनही तिखट कुचकामी आहे. एकदा पाणी घातले की ते वाहून जाते, आणि पाखरांना तिखटाची आग जाणवतच नाही, त्यामुळे कबुतरावर त्याचा काडीचाही परिणाम होत नाही. डांबराच्या गोळ्या विषारी आहेत, घरात लहान मूल असेल तर अधिकच धोक्याच्या. चिकटपट्टीवर अडकलेला जीव तासन्तास तडफडून मरतो. उंदराचे औषध खार, कबुतर, शेजाऱ्याचे मांजर असा भेद करत नाही. प्राण्यांना विनाकारण यातना देणे हा 1960च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, पण मला त्या सकाळी कायदा आठवला नव्हता. खारीचे डोळे पुरेसे होते.

त्यानंतर मी एकच नियम धरला: जे काही करायचे ते कुंडीवर करायचे, प्राण्याच्या अंगावर नाही.

सगळ्यात उपयोगी पडली ती कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती गॅल्व्हनाइज्ड तारेची जाळी. अर्ध्या इंचाच्या छिद्राची घ्यावी. तीन फूट रुंदीची एक मीटर जाळी घेतली, तर तिच्यातून 33 सेंटिमीटरचे सहा चौकोन निघतात, म्हणजे बारा इंची सहा कुंड्यांचे काम होते. बी पेरल्यावर चौकोन कुंडीच्या तोंडावर ठेवायचा, कडा चारही बाजूंनी आत दुमडून मातीत दाबायच्या. कापलेल्या तारांची टोके पक्कडने आतल्या बाजूला वळवायची, नाहीतर ती पाणी घालताना आपल्याच हाताला लागतात आणि खारीच्या पायालाही. रोप जाळीला टेकू लागले की जाळी काढून कडेपासून मध्यापर्यंत एक चीर द्यायची, मध्ये रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडे मोठे भोक करायचे, आणि रोप त्यात घेऊन जाळी पुन्हा मातीवर बसवायची. पाणी, ऊन, शेणखताचा पातळ काला, सगळे जाळीतून जाते. देठ जाड होऊ लागला की भोक वाढवायला विसरू नये. मी एका वांग्याच्या बाबतीत विसरलो, आणि तार खोडात रुतली.

नायलॉनची बारीक जाळी मात्र लावू नका. ती स्वस्त पडते, पण खार ती कुरतडते, आणि सैल राहिली तर तिच्यात पाखरांचे पाय आणि सापसुद्धा अडकतात. अडकलेला जीव सुटायची धडपड करतो तितका अधिक गुंततो.

ज्यांना जाळीचा खर्च नको, त्यांच्यासाठी आपल्याकडे घरोघरी असणारी वस्तू आहे: फुटके कवेलू. त्याचे तळहाताएवढे तुकडे मातीवर असे मांडायचे की दोन तुकड्यांत बोट जाईल इतकीच फट राहील, आणि देठाभोवती दोन बोटे जागा मोकळी सोडायची. गिट्टीही चालते, पण गिट्टीचे वजन गॅलरीवर पडते आणि मे महिन्यात ती फार तापते. कवेलू हा रोप थोडे मोठे झाल्यावरचा उपाय आहे. बी उगवायच्या आधी त्याचा उपयोग नाही. तणसाचे आच्छादन माझ्याकडे टिकले नाही. खारीने ते घरट्यासाठी उचलून नेले. नारळाच्या काथ्याचेही तेच झाले.

कबुतराचे प्रकरण वेगळे निघाले. ते उकरत नाही, त्याला बसायला जागा हवी असते. सांभाराच्या लांबट कुंडीत मी तुराटीच्या वीतभर काड्या चार-चार बोटांवर उभ्या खोचल्या. वरची टोके बोथट ठेवली, म्हणजे कोणाच्या डोळ्यात जाणार नाहीत. पंख मिटून उतरायला जागाच न उरल्याने कबुतर तिथे यायचे बंद झाले. चकचकीत सीडी आणि आरसे मीही टांगून पाहिले. आठवडाभरात कबुतरांना त्यांची सवय झाली.

पण एका कोपऱ्यात मी रिकामी कुंडी विसरलो होतो, आणि तिच्यात एक दिवस दोन अंडी दिसली. काटक्या पडू लागल्या होत्या तेव्हाच त्या रोज उचलल्या असत्या, तर कबुतराने दुसरी जागा शोधली असती. अंडी घातल्यावर ती वेळ गेली. पक्षिणीची पिल्ले उचलून आणणाऱ्यांना पैगंबरांनी ती परत ठेवायला लावली, हा प्रसंग आपण लहानपणापासून ऐकतो. मी ती कुंडी तशीच राहू दिली. अंडी साधारण अठरा दिवसांत उबतात आणि पिल्लू उडायला आणखी महिनाभर किंवा थोडे अधिक लागते, म्हणजे एकूण सुमारे पन्नास दिवस. पिल्ले उडून गेल्यावर नाकातोंडाला फडके बांधून, आधी पाणी शिंपडून, मग विष्ठा खरवडली, कारण तिची कोरडी धूळ फुप्फुसांना वाईट. कुंडी उलटी करून ठेवली आणि कोपऱ्यात पाट्या उभ्या केल्या.

इथे एक गोष्ट आपल्याच लोकांना सांगावीशी वाटते. सवाबसाठी गॅलरीत रोज मूठ-मूठ दाणे टाकणारी घरे मला माहीत आहेत. नियत चांगली, पण मग कबुतरे तिथेच राहतात, तिथेच अंडी घालतात, आणि खालच्या मजल्यावरचा दमेकरी खोकत राहतो. मुंबईत 2025च्या पावसाळ्यात दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकावा लागला, त्यामागे हाच श्वासाच्या आजारांचा प्रश्न होता, आणि त्यावरून केवढा वाद पेटला तेही आपण पाहिले. शेजाऱ्याला त्रास देऊन सवाब कसा मिळेल? द्यायचेच असेल तर उन्हाळ्यात पाणी द्या. मातीचे पसरट भांडे कुंड्यांपासून लांब ठेवा आणि रोज धुऊन भरा. उन्हाळ्यात खारी ओलाव्यासाठीही कुंड्या उकरतात. माझ्याकडे पाणी ठेवल्यावर ते कमी झाले.

जाळी लावल्यानंतर मी जुलैत पुन्हा बी टाकले. सहा कुंड्यांत पंधरा रोपे उगवली, त्यातली एकही उपटली गेली नाही. दोन मुळे सडून गेली, तो दोष माझ्या पाण्याचा. मिरच्या लागल्या, वांगीही लागली. ऑक्टोबरात खारीने दोन कोवळी वांगी कुरतडून खाल्ली. अम्मीने ती मला दाखवली आणि विचारले, "आता?" मी म्हणालो, "आता सदका." ती वांगी मी झाडावर तशीच ठेवली. दुसऱ्या दिवशी खार उरलेली खायला आली.