उष्ट्याचे वजन काय सांगते?

ऑगस्ट २०२४ मध्ये पालघर जिल्ह्यातील आश्रमशाळांच्या २००हून अधिक विद्यार्थ्यांना अन्नातून विषबाधा झाली. या शाळांना बोईसरजवळच्या कांबळगाव येथील मध्यवर्ती स्वयंपाकघरातून जेवण जात होते. त्यानंतर चर्चा झाली ती ताटात काय वाढले याची. ताटात काय उरले, याची नोंद मात्र फारशी कुठे होत नाही.

ही नोंद सोपी आहे. भाज्यांची साले-देठे एका बादलीत आणि ताटातले उष्टे दुसऱ्या बादलीत टाकायचे. पाणी निथळल्यावर दोन्ही बादल्या ताणकाट्यावर तोलायच्या आणि बादलीचे वजन वजा करायचे. वहीत तारीख, पदार्थ, जेवलेल्या मुलांची संख्या आणि दोन्ही वजने लिहायची.

यातली मुलांची संख्या सर्वांत महत्त्वाची. समजा, सोमवारी २०० मुले जेवली आणि १० किलो उष्टे निघाले, म्हणजे प्रत्येकी ५० ग्रॅम. शनिवारी बरीच मुले घरी गेली. १२० मुले जेवली आणि ९ किलो उष्टे निघाले, म्हणजे ७५ ग्रॅम. बादली हलकी झाली, पण मुले कमी जेवली. एकाच पदार्थाच्या दिवशी हा आकडा वारंवार चढत असेल तर चव, शिजवण किंवा वाढण्याचे प्रमाण तपासावे. सगळ्याच पदार्थांचे उष्टे अचानक वाढले, तर मुलांना ताप किंवा जुलाब आहेत का, हे आधी पाहावे. जंतू मात्र काट्यावर दिसत नाहीत. दूषित अन्न चवीला चांगले लागू शकते आणि मुले ते संपवूही शकतात.

पुढचा प्रश्न खताचा. शिजलेला भात आणि वरण ओले व चिकट असतात. नुसते रचले तर आत हवा जात नाही आणि आंबूस वास सुटतो. म्हणून एक घमेले ओल्या कचऱ्यावर दोन घमेली वाळला पाला, पेंढा किंवा तूस घालावे. ढिगातला मूठभर माल घट्ट दाबल्यावर एक-दोन थेंबच निघावेत. धार लागली तर सुके कमी पडले. दोन-तीन दिवसांत ढिगाचा गाभा तापला पाहिजे. तो ५५ अंशांवर काही दिवस राहिला आणि ढीग खालीवर केला, तर बहुतेक रोगजंतू मरतात.

दातिवऱ्यासारख्या किनारी गावात खरी अडचण पावसाळ्यात येते. खड्डा पाण्याने भरतो आणि वाळला पाला मिळत नाही. त्यामुळे जमिनीच्या वर, छपराखाली, फटी ठेवलेला विटांचा हौद बरा. फटींना बारीक जाळी लावावी आणि पालापेंढ्याची पोती मे महिन्यातच भरून ठेवावीत. माशांचे काटे व हाडे या हौदात टाकू नयेत. त्यांच्या वासाने उंदीर येतात आणि उंदरांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. हौदाभोवती उंदरांच्या लेंड्या दिसल्या, तर उष्टे टाकणे थांबवून आधी जाळी दुरुस्त करावी.

वहीचा एक धोका आहे. आकडा कमी दिसावा म्हणून मुलांना दटावले, तर उष्टे कुंपणापलीकडे जाते. अशी वही स्वच्छ दिसते आणि काहीच सांगत नाही.