पाटीवर फी हवी, सवलत नको

‘नव्या डॉक्टरांनी पहिले वर्ष नाममात्र फी घ्यावी,’ ही मागील अंकातील सूचना पटली नाही. गाळ्याचे भाडे पहिल्या महिन्यापासूनच द्यावे लागते आणि पन्नासाचे शंभर करताना जुने पेशंटच कुरकुरतात. गावातला चालू दर पहिल्या दिवसापासून पाटीवर लिहावा.

खरी अडचण फेरतपासणीची. तापाच्या पेशंटला ‘तीन दिवसांनी दाखवा’ म्हणायचे आणि पुन्हा पूर्ण फी मागायची, तर तो येतच नाही. म्हणून त्याच दुखण्यासाठी आठवडाभर मोफत, नंतर निम्मी. दुखणे नवे असेल तर पूर्ण.

ज्याला परवडत नाही, त्याच्या केसपेपरवर डॉक्टरांनीच खूण करावी; काउंटरवर चारचौघांत घासाघीस होत नाही. हा अधिकार कंपाउंडरला दिला, की ओळखीपाळखीचेच सवलत घेऊन जातात.

— एक जनरल प्रॅक्टिशनर, इचलकरंजी