झाशी : भार खाली, अधिकार वर

झाशी : महाराणी लक्ष्मीबाई वैद्यकीय महाविद्यालयाच्या नवजात अतिदक्षता कक्षात १५ नोव्हेंबर २०२४ च्या रात्री आग लागून १० बालके दगावली, तेव्हा १८ खाटांच्या त्या कक्षात ४९ बालके होती. किती बालके दाखल करायची, हे रात्रपाळीतील परिचारिका वा निवासी डॉक्टर ठरवत नाहीत. वाढलेला भार मात्र तेच वाहतात. पुढे प्राचार्यांना पदावरून हटवले, तर निलंबितांमध्ये कक्षाच्या प्रभारी परिचारिकाही होत्या. केंद्राच्या १९९२ च्या निवासी डॉक्टर योजनेनुसार सलग कर्तव्य सामान्यतः १२ तासांहून अधिक नसावे. पण पाळ्या लावणारे वरिष्ठच पुढे परीक्षक असतात. मग तेराव्या तासाची तक्रार करणार कोणाकडे?